मजुरीच्या खात्यातलं सगळंच वेतन नसतं

प्रश्न: भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेडचे सांगाडे बनवतो आणि साइटवर उभे करून देतो. मी आणि धाकटा भाऊ भागीदार. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ अशी होती. घेताना अंदाजे वेतन २४ लाख लिहिलं, हजारी २० रुपयांनी ४८,००० प्रीमियम भरला, वर जीएसटी. आता कंपनीच्या माणसाने वह्या तपासल्या आणि वेतन ७१ लाख ४० हजार धरून ९४,८०० जादा प्रीमियम, जीएसटीसह १,११,८६४ रुपये पंधरा दिवसांत मागितलेत. नाही भरले तर पॉलिसी रद्द करू असं लिहिलंय. वर्षभरात एकही अपघात नाही, क्लेम नाही. भाऊ म्हणतो, कायदा १५,००० च्या वर पगार धरतच नाही, तेवढ्यावर हिशेब करा असं ठणकावून लिहू. पॉलिसी, ऑडिटचा कागद आणि खात्यांचे उतारे सोबत पाठवतोय. काय उत्तर द्यावं?
– एक भागीदार, भोसरी

उत्तर: नमस्कार. आधी भावाला थांबवा. पंधरा हजारांची मर्यादा खरी आहे, ३ जानेवारी २०२० पासून ती लागू झाली. पण ती भरपाई मोजण्यासाठी आहे. तीस वर्षांचा फिटर साइटवर दगावला तर पगाराच्या निम्मे गुणिले त्याच्या वयाचा गुणक २०७.९८ असा हिशेब होतो, आणि त्यात पगार १५,००० च्या वर धरत नाहीत. म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. प्रीमियम मात्र पॉलिसीतल्या अटीप्रमाणे ठरतो, आणि ती अट ‘प्रत्यक्ष दिलेलं वेतन, पगार आणि इतर कमाई’ असं म्हणते. पंधरा हजारांचा मुद्दा पत्रात पहिल्या ओळीत आला की समोरचा अधिकारी समजतो, याने पॉलिसी वाचलेली नाही. मग तुमचे खरे मुद्देही तो त्याच नजरेने वाचतो. ‘क्लेम नाही’ हाही मुद्दा सोडून द्या. वर्षभर कंपनीने जोखीम उचलली होती, तिची किंमत अपघात न झाल्याने कमी होत नाही.

म्हणजे जादा प्रीमियम मागण्याचा हक्क कंपनीला आहे. पॉलिसी घेताना लिहिलेला आकडा अंदाजाचाच असतो. मुदत संपल्यावर महिनाभरात तुम्ही प्रत्यक्ष वेतनाचा तक्ता द्यायचा, फरक असेल तर वरचे भरायचे किंवा परत घ्यायचे, अशी ती अट आहे. तुम्ही तक्ता दिला नाही म्हणून ते वह्या बघायला आले. बहुतेक छोटे कारखानदार तक्ता देत नाहीत, आणि एजंटही आठवण करत नाही, कारण त्याचं कमिशन आधीच निघालेलं असतं.

तुमचं भांडण आकड्याशी आहे. हा आकडा कुठून आला ते मला कागद बघताच कळलं, कारण नोकरीत असताना मीही कित्येक वर्षं अशीच ऑडिटं केली आहेत. दुपारी दोन तासांत तीन कारखाने उरकायचे असले की माणूस हजेरीपट उघडत नाही. तो नफातोटा पत्रक घेतो आणि ज्या ज्या ओळीत ‘मजुरी’, ‘पगार’, ‘लेबर’ असे शब्द दिसतात त्या सगळ्यांची बेरीज मारतो. तुमच्या ७१.४० लाखांत पगार आणि मजुरी ३४.२०, ओव्हरटाइम २.४०, पीएफ-ईएसआयचा मालकाचा हिस्सा ३ लाख, प्रवास आणि साइट खर्च १.८०, लेबर चार्जेस २४ लाख आणि तुम्हा दोघा भावांचं मानधन ६ लाख आहे. ही बेरीज बरोबर आहे. चूक एवढीच की यातलं निम्म्याहून जास्त या पॉलिसीचं वेतनच नाही.

सोपं आधी काढून टाकू. भागीदार स्वतःच्या फर्मचा नोकर नसतो. त्याच्या मानधनाला खात्यात ‘पगार’ म्हटलं तरी फरक पडत नाही. ईएसआयच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात हेच म्हटलं आहे. तेव्हा ६ लाख गेले, पुरावा म्हणून भागीदारी करारपत्राची प्रत जोडा. पीएफमधला मालकाचा हिस्सा कायद्याच्या व्याख्येतच वेतनाबाहेर ठेवला आहे, आणि ईएसआयचा हिस्सा कामगाराच्या हाती पडतच नाही, तो सरकारी विम्याचा हप्ता आहे. म्हणजे ३ लाख गेले. प्रवास खर्चाचंही तसंच, पण तिथे जरा थांबा. उताऱ्यात १,२०,००० ची तिकिटं, डिझेल आणि लॉजची बिलं आहेत, ती वजा होतील. उरलेले ६०,००० फिटरना ‘साइट बत्ता’ म्हणून रोजच्या ठरावीक दराने दिले आहेत, बिल नाही, हिशेब नाही. नाव बत्ता असलं तरी ती कमाईच आहे. तो आकडा वादात ओढू नका, आपणहून कबूल करा. उत्तरात दोन-चार गोष्टी तुमच्या विरुद्ध जाणाऱ्याही असल्या की बाकीच्यावर विश्वास बसतो.

आता मोठ्या दोन ओळींकडे येऊ.

पहिली ईएसआयची. तुमचे सात हेल्पर ईएसआयमध्ये आहेत, महिना २१,००० पर्यंतच्या पगाराचे. ईएसआय कायद्याचं कलम ५३ सांगतं की ज्याला ईएसआयचं संरक्षण आहे त्याला नोकरीतल्या दुखापतीसाठी नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. मालकावर जबाबदारीच येत नाही, तर विमा कंपनी कसली जोखीम घेते? या सात जणांचे १३,३२,००० तिने धरायला नकोत. त्यांचा ओव्हरटाइमही नाही, तो ९०,००० आहे.

इथे कंपनीकडून एक प्रतिप्रश्न येईल, तयार राहा. ‘तुमच्या दोन हेल्परांना मार्चमध्ये २२,००० च्या वर मिळालेत, मग ते ईएसआयमध्ये कसे?’ उत्तर असं की २१,००० ची मर्यादा तपासताना ओव्हरटाइम मोजत नाहीत. त्यावर वर्गणी कापतात, पण त्यामुळे माणूस योजनेबाहेर जात नाही. आणि पगारवाढीमुळे मर्यादा ओलांडली तरी चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत तो आतच राहतो. हे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. हा नियम तुमच्या सहा फिटर-वेल्डरांनाही लावून बघा. त्यांच्यातला एखादा एप्रिलमध्ये २०,५०० वर असेल आणि जूनमध्ये २५,००० झाला असेल, तर ३० सप्टेंबरपर्यंतचा त्याचा पगार या पॉलिसीत येत नाही. मी खालच्या हिशेबात सहाही जण वर्षभर ईएसआयबाहेर धरले आहेत, कारण उताऱ्यावरून ते दिसत नाही. ईएसआयच्या पोर्टलवरून बारा महिन्यांचा वर्गणीचा तपशील काढलात की नावानिशी कळेल. तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. हजेरीपट तुम्ही घरी बसून लिहिला असं कुणी म्हणू शकतो, सरकारी पोर्टलवरच्या नोंदीला तसं म्हणता येत नाही.

दुसरी ओळ लेबर चार्जेसची, २४ लाखांची. इथे ऑडिटवाला अगदीच चुकलेला नाही. नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, तुमच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलंत आणि त्याचा माणूस जखमी झाला, तर तो भरपाई तुमच्याकडे मागू शकतो. तुम्ही ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. मूळ पॉलिसीत ठेकेदारांच्या माणसांची जबाबदारी वगळलेली असते. तुमच्या पॉलिसीला मात्र मागे जोडपत्र लावलेलं आहे, ‘ठेकेदारांचे कामगार समाविष्ट’ म्हणून. ते नसतं तर मी म्हटलं असतं, जी जोखीम तुम्ही घेतलीच नाही तिचा प्रीमियम मागू नका, आणि २४ लाख एका वाक्यात उडाले असते. ते आहे म्हणून बिलं एकेक करून सोडवावी लागतील.

गॅल्व्हनायझिंगची ५ लाखांची बिलं आधी काढा. माल टेम्पोने त्यांच्या कारखान्यात जातो, तिथे त्यांची माणसं काम करतात, माल परत येतो. कलम १२ मध्येच म्हटलंय की अपघात मुख्य मालकाच्या कामाच्या किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेबाहेर झाला तर ही जबाबदारी येत नाही. शिवाय त्या बिलात जस्त, गॅस, वीज सगळंच आहे. जॉबवर्कची चलनं जोडली की हा मुद्दा संपतो.

इरेक्शनच्या मुकादमाला १५ लाख गेलेत. त्यातले ३,२०,००० हायड्राचं भाडं आहे, आणि नशिबाने त्याने बिलात वेगळी ओळ घातली आहे. यंत्राचं भाडं वेतन नव्हे, ऑपरेटर क्रेनमालकाचा. ती वेगळी ओळ नसती तर पूर्ण १५ लाख धरले गेले असते आणि मलाही काही करता आलं नसतं. उरलेले ११,८०,००० मात्र धरावेच लागतील. मुकादमाकडे स्वतःची पॉलिसी नाही, ईएसआय कोड नाही, त्याची पोरं वीस-पंचवीस फुटांवर पर्लिन बसवतात. तुमच्या धंद्यातली खरी जोखीम तीच आहे. त्यातला काही भाग मुकादमाचा नफा आहे हे खरं, पण त्याने मजुरीचा पट ठेवलेला नाही, मग नफा किती ते सिद्ध करणार कसं?

राहिले पेंटिंगवाल्याचे ४ लाख. त्याची स्वतःची कामगार नुकसानभरपाई पॉलिसी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याची प्रत मागवा आणि तीन गोष्टी तपासा: मुदत तुमच्या कामाच्या तारखांना झाकते का, कामाच्या वर्णनात उंचीवरचं पेंटिंग आहे का, आणि माणसांची संख्या साइटवर आलेल्यांशी जुळते का. जुळलं तर ही रक्कम वगळायची मागणी करा. पण हा मुद्दा ईएसआयइतका पक्का नाही. कंपनी म्हणू शकते की जोडपत्रात सगळेच ठेकेदार आहेत, पेंटरने मुदतीत पैसे दिले नाहीत तर कलम १२ ने माणूस तुमच्याच दारात येईल. हा मुद्दा हरलात तर ८,००० आणि जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये जातील. तेवढ्यासाठी सगळं अडवून धरू नका.

तुमच्या अकाउंटंट बाईंचा २४,००० पगार ऑडिटवाल्याने फिटरांच्याच दराने लावलाय. पॉलिसीच्या तक्त्यात कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी हजारी २ रुपयांची वेगळी ओळ आहे. अंदाज देताना तुम्ही ती रिकामी ठेवलीत. कारकुनी काम करणारेही २०१० पासून या कायद्यात आहेत, म्हणून त्यांना वगळायचं नाही, त्यांच्या दरात बसवायचं.

आता हिशेब मांडू. सहा फिटर-वेल्डरांचा पगार १८ लाख, त्यांचा ओव्हरटाइम दीड लाख, बत्ता ६०,००० आणि मुकादमाचे ११,८०,०००. एकूण ३१,९०,०००. हजारी २० ने ६३,८०० झाले. बाईंचे २,८८,००० वर हजारी २ ने ५७६. मिळून ६४,३७६. त्यातून भरलेले ४८,००० वजा केले तर उरतात १६,३७६, आणि १८ टक्के जीएसटी धरून १९,३२४ रुपये. म्हणजे देणं लागतं हे खरं, पण एक लाख अकरा हजार नाही.

पत्र लिहिताना राग ओतू नका. ‘आपल्या माणसाने मनमानी केली’ या वाक्याने रक्कम एक रुपयाने कमी होत नाही. सूर साधारण असा ठेवा:

‘आपल्या मागणीपत्राच्या आधारासाठी वापरलेला वेतनाचा तक्ता आम्हाला मिळाला. त्यातील एकूण रक्कम आमच्या नफातोटा पत्रकाशी जुळते, तथापि ती पॉलिसीच्या अटीनुसार वेतन नाही. सोबत शीर्षवार ताळमेळ जोडला आहे. ईएसआय संरक्षित कामगारांचे वेतन व ओव्हरटाइम, भागीदारांचे मानधन, मालकाची पीएफ व ईएसआय वर्गणी, बिलांसह प्रवास खर्च, बाहेरील जॉबवर्क, यंत्राचे भाडे आणि स्वतंत्र पॉलिसी असलेल्या ठेकेदाराची रक्कम वगळावी, तसेच कार्यालयीन कर्मचाऱ्यास तक्त्यातील दर लावावा, ही विनंती. त्याप्रमाणे आमच्या हिशेबाने देय होणारे १९,३२४ रुपये आम्ही भरत आहोत. यापैकी कोणतेही शीर्ष आपणास मान्य नसल्यास पॉलिसीतील कोणत्या अटीनुसार, ते लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य काढू नका. ‘नियमाप्रमाणे’ हा शब्द वापरून प्रकरण मिटवायची कार्यालयांना सवय असते, अटीचा क्रमांक लिहायला लागला की ते स्वतःच पुन्हा तपासतात. ताळमेळाचा कागद एका पानाचा करा. वर त्यांचे ७१.४० लाख, खाली तुमचे वजा आकडे, प्रत्येकासमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक, आणि तळाला ३१.९० अधिक २.८८. त्यांचा आकडा वर ठेवा, कारण तपासणारा तिथूनच सुरू करतो. १९,३२४ भरताना ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका. वादाची रक्कम निषेध नोंदवून भरावी आणि नंतर परत मागावी, असा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो देणार नाही. हातातून गेलेला प्रीमियम परत यायला वर्ष लागतं.

‘पॉलिसी रद्द करू’ या धमकीने झोप घालवू नका. ३१ मार्चला संपलेली पॉलिसी रद्द कशी करणार? फार तर नूतनीकरण नाकारतील किंवा वसुलीचा दावा लावतील. तरीही पत्र फाइलला लावून गप्प बसणंही बरं नाही. कामगाराला अपघातापासून दोन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. त्या वर्षातला एखादा हात मोडलेला मुलगा उद्या वकिलाला घेऊन आला, तर कंपनी पहिलं बोट न भरलेल्या प्रीमियमवर ठेवेल.

कंपनीने ऐकलं नाही तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि प्रीमियमचा वाद त्यांच्या कक्षेत येतो. अट अशी की एकल मालकी किंवा सूक्ष्म उद्योग असावा लागतो. तुमची फर्म भागीदारी आहे, म्हणून उद्यम नोंदणीत ‘सूक्ष्म’ असं लिहिलंय का ते बघा. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत आहे.

चालू वर्षाचं अजून हातात आहे तोवर मुकादमाचं बघा. त्याला त्याच्या नावाने पॉलिसी काढायला लावा, पैसे दरात वाढवून द्यावे लागले तरी द्या. तो नाहीच म्हणाला तर त्याच्याकडून दर आठवड्याला नावानिशी मजुरीपट सही घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या ऑडिटला पूर्ण बिलाऐवजी मजुरीच धरली जाईल. हायड्राची ओळ वेगळी राहू द्या. बत्ता द्यायचाच असेल तर बिलावर द्या. नवी पॉलिसी घेताना वेतनाची व्याख्याही एकदा वाचून घ्या, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरतात. तुमच्या २०२४-२५ च्या वादाला तिचा संबंध नाही, कुणी पत्रात तिचा दाखला दिलाच तर तारीख दाखवा. आणि पुढच्या ३० एप्रिलच्या आत वेतनाचा तक्ता स्वतः नेऊन द्या, पोच घेऊन.